शंभर माणसं, तीन मेस: पहिला आठवडा कसा आखायचा

बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या कुणालाही ‘खाडा’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. महिन्याची मेस लावलेली असते, शनिवार-रविवार गावी जायचं असतं, आदल्या दिवशी काकूंना सांगितलं की त्या दिवसाचं जेवण पुढच्या महिन्यात धरलं जातं. सांगितलेलं वहीत लिहायचं राहून गेलं तर महिनाअखेरीला वाद ठरलेला. मी आणि माझ्या रूममेटनं या खाड्यांसाठी एक साधी सोय केली आणि एका आठवड्यात पहिली शंभर माणसं आणायचं ठरवलं. तो आठवडा कसा आखला, कुठे चुकलो आणि काय मोजलं ते इथे लिहितो. तुमची सोय डब्याची असेल, अभ्यासिकेच्या जागेची असेल किंवा झेरॉक्सची, क्रम बराचसा हाच राहील.

आधी ठरवा: वापरणारा कोणाला म्हणायचं

नंबर दिला म्हणजे तो वापरणारा झाला, असं धरलं तर शंभर आकडा दोन दिवसांत होतो आणि तिसऱ्या आठवड्यात एकही उरत नाही. आम्ही व्याख्या अशी केली: ज्यानं आमच्याकडे निदान एक खरा खाडा टाकला आणि तो मेसच्या हिशोबात धरला गेला, तोच एक. नुसतं ‘हाय’ पाठवणारा यात येत नाही.

या व्याख्येमुळे दुसरी गोष्ट आपोआप ठरली. शंभर माणसं शंभर ठिकाणची असून उपयोग नव्हता. मेसच्या काकूंना सत्तरपैकी दोघांचे खाडे आमच्याकडून कळले तर त्या वही बंद करणार नाहीत. चाळीस जणांचे कळले तर आमच्याकडे बघतील. म्हणून आम्ही सदाशिव, नवी आणि नारायण पेठेतल्या चालत जाता येतील अशा तीनच मेस निवडल्या. एकीत ७० जण जेवायचे, दुसरीत ६०, तिसरीत ४५. एकूण १७५ माणसं, त्यातली शंभर हवीत. असं मांडल्यावर ते काम डोळ्यांसमोर दिसायला लागतं. ‘पुण्यातले सगळे विद्यार्थी’ असं धरलं असतं तर कुठून सुरुवात करायची हेच कळलं नसतं.

ॲप करायला बसू नका

पहिल्या शंभरांसाठी ॲप लागत नाही, आणि घाईत करायला गेलात तर आठवडा हातातून जातो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला प्ले स्टोअरवर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. सोमवारी ॲप तयार झालं म्हणून मंगळवारी लोकांना देता येत नाही. ओटीपी एसएमएसनं पाठवायचा म्हटलं तर त्यासाठी दूरसंचार नियमांप्रमाणे डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत नाव आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो, त्यात आणखी दिवस जातात.

आम्ही एका वेगळ्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं आणि गुगल शीट उघडलं, एवढंच. माणूस स्वतःहून मेसेज पाठवतो, त्यामुळे नंबर आपोआप येतो आणि ओटीपीची गरजच उरत नाही. ‘खाडा शनि’ असा मेसेज रात्री ९ च्या आत आला की आम्ही हातानं शीटमध्ये लिहायचो आणि साडेनऊला तिन्ही मेसना आपापली यादी पाठवायचो. शंभर माणसांपर्यंत दोघांना हे जमतं. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस शुक्रवार. त्या दिवशी यादी करायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली.

कोण कुठून आलं हे कळण्यासाठी प्रत्येक जागेला वेगळी लिंक द्या. मेसेज आधीच भरून येतो, माणसानं फक्त पाठवायचं असतं:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=KHADA%20A1
```

A म्हणजे पहिली मेस आणि 1 म्हणजे काउंटर, तिथे लावायच्या कागदावर याच लिंकचा क्यूआर छापायचा. ग्रुपसाठी 2, कॉलेजसाठी 3. दुसऱ्या मेसला B, तिसरीला C. हा कोड शीटच्या एका रकान्यात लिहायचा आणि मोजायचं:

```
=COUNTIF(C:C,"A1")
```

या एका रकान्याशिवाय आठवडा संपल्यावर तुम्हाला फक्त एकूण आकडा दिसेल. पुढच्या वेळी पाय कुठे झिजवायचे ते कळणार नाही.

आठवडा उलटा मोजा

आमच्या आठवड्याचा खरा दिवस शुक्रवार होता. शुक्रवारी संध्याकाळी पोरं सॅक घेऊन स्वारगेटला किंवा वाकडेवाडीच्या स्टँडवर जातात, खाड्याची गरज तेव्हाच पडते. सोमवारी क्यूआर स्कॅन केलेला माणूस शुक्रवारपर्यंत काहीच वापरणार नाही, हे आधीच माहीत असायला हवं. म्हणून शुक्रवार रात्री ९ हा शेवट धरून मागे आलो: गुरुवारी कॉलेज, बुधवारी ग्रुप, सोमवार-मंगळवारी काउंटर. आणि त्याच्या आधीचे दहा दिवस मेसवाल्यांशी बोलण्यात. तुमच्या सोयीची गरज कोणत्या दिवशी पडते ते शोधा आणि तिथून मागे मोजा.

तारीख निवडताना पेठांचं कॅलेंडर बघा. गणपतीच्या दहा दिवसांत संध्याकाळी या भागातून चालणंही अवघड असतं. दिवाळीत खोल्या रिकाम्या होतात. एमपीएससीची परीक्षा ज्या रविवारी असते तो आठवडा सोडा, कारण नवी पेठेतल्या अर्ध्या अभ्यासिकांचं लक्ष तिथेच असतं. विद्यापीठाच्या सत्र परीक्षांचे आठवडेही टाळा.

काउंटर: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मेसच्या काकूंकडे दुपारी १२ ला जाऊ नका. त्या वेळी त्या वाढण्यात असतात. साडेतीन ते पाच या वेळात जा. भांडी झालेली असतात, संध्याकाळची भाजी निवडायला घेतलेली असते. पहिल्या भेटीत आपलं काही सांगायचं नाही, फक्त विचारायचं: खाडे आता कुठे लिहिता? किती आधी सांगावं लागतं? महिन्यात किती चालतात? तिन्ही ठिकाणी उत्तरं वेगळी होती. एका ठिकाणी दोरीला बांधलेली वही, दुसरीकडे फळा, तिसरीकडे काका डोक्यातच ठेवायचे.

इथेच आमची पहिली चूक झाली. एका मेसमध्ये एका वेळचा खाडा धरतच नसत. सलग दोन दिवस असले तरच धरायचे. आम्ही हे विचारलं नव्हतं. सुरुवातीच्या चाचणीत दोघांनी एकेका जेवणाचा खाडा टाकला, आम्ही ‘नोंद झाली’ असं उत्तर दिलं, आणि मेसनं तो मानला नाही. ती दोन मुलं आमच्यावर चिडली, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यानंतर प्रत्येक मेसचे नियम एका कागदावर लिहून काकूंना वाचून दाखवले आणि त्यांच्याकडून ‘बरोबर’ म्हणवून घेतलं. उत्तराचा मजकूरही मेसप्रमाणे बदलला.

काकूंना यात काय मिळतं ते त्यांच्या कामाच्या भाषेत सांगा. नोंदणीमागे पैसे देऊ नका. पैशासाठी लावलेला कागद पैसे थांबले की निघतो. त्यांना हवं असतं ते रात्री साडेनऊचं उत्तर, कारण कडधान्य किती भिजत घालायचं ते तेव्हा ठरतं. सकाळी सहाला कळवून फक्त कणकेचा अंदाज सुधारतो, मटकी आधीच भिजलेली असते. आम्ही यादी सकाळी पाठवणार होतो. हे ऐकल्यावर रात्रीची वेळ धरली.

आकडा कसा द्यायचा हेही महत्त्वाचं आहे. ‘उद्या ५८ ताटं’ असं कधीही सांगू नका, कारण सगळे तुमच्याकडे नसतात. काही जण अजून तोंडीच सांगतात. ‘आमच्याकडून उद्या १२ खाडे’ असं नावांसकट सांगा, वजाबाकी काकू करतील. पहिल्याच दिवशी ताटांचा आकडा पाचानं चुकला आणि भात कमी पडला, तर तुमचा कागद दुसऱ्या दिवशी भिंतीवर राहणार नाही. म्हणून खऱ्या आठवड्याच्या आधीचा शनिवार-रविवार फक्त आठ ओळखीच्या मुलांवर चालवून बघा.

आता कागदाची जागा. काउंटरवर पैशांचा क्यूआर आधीच असतो आणि आपला कागद शेजारी ठेवायचा मोह होतो. आम्हीही तिसऱ्या मेसमध्ये तिथेच ठेवला. मंगळवारी दोन्ही वेळ मिळून चाळीसच्या आसपास माणसं समोरून गेली आणि मेसेज आले दोन. संध्याकाळी तिथेच उभं राहून बघितलं तेव्हा कळलं: पोरं पैसे भरण्याच्या ॲपनंच आमचा कोड स्कॅन करत होती, तो चालत नव्हता, आणि मागे रांग खोळंबत होती. काकांनी कागद उलटा करून ठेवला होता. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं, आम्ही त्यांच्या गल्ल्यात अडथळा आणला होता.

बुधवारी कागद हात धुण्याच्या बेसिनवर, आरशाच्या बाजूला लावला. ताट येईपर्यंत माणूस जिथे थांबतो किंवा जेवून जिथे निवांत उभा राहतो तीच जागा. वर मोठ्या अक्षरात ‘खाडा टाकायचाय? फोनच्या कॅमेऱ्यानं स्कॅन करा’ आणि खाली नंबर आकड्यांत, म्हणजे स्कॅन नाही झालं तरी सेव्ह करता येईल. कागद लॅमिनेट करून घ्या, नाहीतर बेसिनजवळ दोन दिवसांत भिजतो. रात्रीपर्यंत तिथून ११ मेसेज आले. ओळखायची खूण सोपी आहे: दोन जेवणांच्या वेळा होऊनही त्या कोडवर पाचपेक्षा कमी मेसेज असतील तर जागा चुकली आहे. मजकूर बदलत बसू नका, कागद हलवा.

झेरॉक्सची दुकानं आणि अभ्यासिकांचे काउंटर यांचा उपयोग कमी, पण आहे. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा सकाळी अकराला किंवा पाचनंतर जा. मालकाला विचारून कागद आतल्या बाजूलाच लावा. बाहेरच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर चिकटवू नका. मालमत्ता विरूपणाविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा आहे, आणि पेठेतल्या सोसायट्यांची नाराजी त्याआधी ओढवते.

ग्रुप: तुम्ही टाकू नका

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं असू शकतात, म्हणून मोठा ग्रुप बघून तोंडाला पाणी सुटतं. आम्ही मोठे ग्रुप सोडले. निवडले ते तीन प्रकारचे: एका इमारतीतल्या कॉट बेसिसवाल्यांचा, एका अभ्यासिकेचा आणि एकाच तालुक्यातून आलेल्या मुलांचा. चाळीस ते नव्वद माणसांचे. त्यात आमच्या मेसला जेवणारी बरीच होती, आणि एकाच गावची पोरं एकाच शुक्रवारी निघतात.

ॲडमिनला आधी फोन करा, मेसेज नको. मग मजकूर ग्रुपमधल्याच, त्या मेसला जेवणाऱ्या माणसानं टाकायचा. आणि त्यानं तो फॉरवर्ड करायचा नाही, कॉपी करून नव्यानं पाठवायचा. वर ‘फॉरवर्डेड’ आलं की माणसं पुढे सरकतात. आमचा मजकूर असा होता:

“मी नवी पेठेत जेवतो. महिनाअखेरीला खाड्यांवरून होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. माझ्या दोन मित्रांनी सोय केली आहे: आदल्या रात्री ९ च्या आत या नंबरवर ‘खाडा शनि’ असं पाठवायचं. काकूंना नावासकट कळतं आणि आपल्याकडे मेसेज राहतो. फुकट आहे. सध्या या तीनच मेसना चालतं.” खाली तिन्ही मेसची नावं आणि लिंक.

‘तीनच मेस’ हे वाक्य आम्ही आधी गाळलं होतं, लोक निघून जातील म्हणून. ते असायलाच हवं. इतर मेसवाल्या पोरांना उत्तरं देण्यात बुधवारची रात्र गेली असती. वेळ रात्री पावणेदहाची निवडली, जेवण झालेलं असतं आणि अभ्यासिकेत शेवटचा चहा व्हायचा असतो. एका ग्रुपवर एकदाच टाका. ज्यांना शंका आहे त्यांना वैयक्तिक उत्तर द्या, ग्रुपवर चर्चा लांबवू नका.

नव्या माणसाला जाणाऱ्या पहिल्या उत्तरात ‘हा नंबर सेव्ह करा’ हे नक्की लिहा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाची ‘गावी निघालात? खाडा टाका’ ही आठवण त्यावरच अवलंबून असते. जे नंबर येतील ते याच कामापुरते वापरा आणि तसं पहिल्या उत्तरात लिहून द्या. अकरावी-बारावीची मुलं मेसमध्ये असतील तर २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे, म्हणून आम्ही त्यांची नोंद घेतलीच नाही. ती वहीतच लिहीत राहिली.

कॉलेज: वर्ग बघू नका, खोल्या बघा

गुरुवारी दोन कॉलेजांमध्ये प्रयत्न केला. एकीकडे सीआरनं वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. १९ मेसेज आले, आम्ही खूश. शीटमध्ये बघितलं तर त्यातले चारच आमच्या मेसचे. बाकीचे कोथरूड, कात्रज, कर्वेनगरला राहणारे. दुसरीकडे वर्ग सोडून तिसऱ्या वर्षाच्या तीन मुलांना टिळक रोडवर चहाला बोलावलं, जी ज्युनियरना ‘इथे मेस लाव’ असं सांगतात. त्यांच्याकडून १८ आले आणि १४ आमच्या मेसचे निघाले. वर्ग हा राहण्याच्या जागेवर ठरत नाही. मेस मात्र ठरते.

कॅम्पसमध्ये टेबल लावायचं असेल तर कॉलेजची रीतसर परवानगी लागते, विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांपासून सुरुवात करावी. ती एका आठवड्यात मिळेलच असं धरून आखणी करू नका.

शुक्रवार आणि नंतरचा हिशोब

शुक्रवारी दोघांपैकी एकानं फोन सोडायचा नाही. संध्याकाळी सात ते नऊ प्रत्येक मेसेजला पाच मिनिटांत ‘नोंद झाली: शनि-रवि, दोन दिवस’ असं उत्तर गेलं पाहिजे, कारण पोरगा एसटीत बसलेला असतो आणि हडपसर-खेड शिवापूरच्या पुढे त्याचं लक्ष जातं. नऊनंतर आलेला खाडा घेऊ नका. पावणेदहाला आलेला एक आम्ही घेतला, यादी आधीच गेली होती, आणि ते ताट वाया गेलं. काकूंनी रविवारी बोलून दाखवलं.

रविवारी रात्री शीट असं होतं. काउंटरवरून ५८ मेसेज, त्यातले ५६ आपल्या मेसचे, खाडा टाकलेले ४३. ग्रुपांवरून ४७, आपले ४४, खाडा टाकलेले २५. कॉलेजातून ३७, आपले १८, खाडा टाकलेले ११. म्हणजे मेसेज १४२, पण आमच्या व्याख्येप्रमाणे वापरणारे ७९. शंभर झाले नव्हते.

राहिलेल्यांमध्ये ३९ जण असे होते जे आपल्या मेसचे होते पण गावीच गेले नव्हते. त्यांना जाहिरातीची गरज नव्हती, पुढच्या शुक्रवारची होती. म्हणून दुसऱ्या आठवड्यात नवा कागद लावला नाही, नवा ग्रुप शोधला नाही. तीन गोष्टी केल्या. रविवारच्या फीस्टला तिन्ही मेसमध्ये जाऊन ज्यांचे खाडे धरले गेले त्यांना वहीशी ताडून दाखवलं. दोन ठिकाणी आमची यादी आणि काकूंची वही जुळत नव्हती, ती तिथेच जुळवली. आणि शुक्रवारी सहाची आठवण पुन्हा पाठवली. दुसऱ्या रविवारी आकडा १०४ झाला.

त्या १०४ मध्ये पहिल्या आठवड्यातल्या ७९ पैकी पुन्हा खाडा टाकणारे किती, ते वेगळं मोजा. खाडा दर आठवड्याला लागत नाही, म्हणून ‘परत आला नाही’ आणि ‘गावी गेला नाही’ यांत फरक करावा लागतो. आम्ही काकूंच्या वहीतून बघितलं: तोंडी खाडा सांगणारे, पण आमच्याकडे नाव असलेले सहा जण निघाले. त्यांना एकेक करून विचारलं. चौघांचं उत्तर एकच होतं, जेवताना काकू समोरच असतात, मग फोन कशाला काढायचा. तेव्हापासून काकूंना तोंडी सांगितलेला खाडाही त्या आम्हाला रात्री नऊच्या आत कळवतात आणि आम्ही मुलाला ‘नोंद झाली’ पाठवतो. चौथी मेस घेण्याआधी आम्ही हीच गोष्ट सुरळीत करतो आहोत.